मिठागराचा ऋतू

पेठेबाईंच्या घरी चहा मागायचा नाही, हे पहिल्याच आठवड्यात आम्हाला कळलेलं. मागितला की हिरवा चहा यायचा, साखर नाही, दूध नाही, कोमट, आणि वरून बाई समोर बसून तो संपेपर्यंत बघत राहायच्या. मी घरी येऊन आयला सांगितलं, तर ती म्हणाली, "गवताचा पानी पितंस नि फी पन भरतंस?" वर्तकनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, जेवणाच्या टेबलाभोवती आम्ही पाच जण जपानी शिकायचो. चौघं कंपनीत नोकरी मिळावी म्हणून यायचे. मी का जायचे, हे मला तेव्हा धड सांगता आलं नसतं. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागलेला, त्यावर काढलेली ती चित्रासारखी अक्षरं मला आवडली आणि मी हट्ट धरला, एवढंच. हट्टाच्या बाबतीत मी लहानपणापासून वाईटच. आजही आहे, विचारा माझ्या नवऱ्याला.

आमचं घर कळव्याला, खाडीच्या अंगाला. आम्ही आगरी. आजाच्या काळात घरचे सगळे मिठागरावर आणि भातशेतीत राबायचे, दादांच्या, म्हणजे वडिलांच्या, काळात जमिनीवर इमारती झाल्या आणि दादांनी रेती-सिमेंटचं दुकान टाकलं. घरात दिवसभर आवाजच आवाज. दुकानापुढे ट्रक मागे येताना वाजणारी ती पिपाणी, वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूचा मिक्सर, आणि ओट्यावर आयच्या हातची तांदळाची भाकरी थापल्याचा थप थप आवाज. सुकट भाजली की अख्ख्या आळीला कळायचं. या सगळ्यात मी खिडकीपाशी बसून जपानी अक्षरं गिरवायचे आणि चुलत भाऊ येता-जाता "चिंग चांग" करून दात काढायचे. एकाच्या पाठीत मी पट्टी घातलेली, त्याचा वळ आठ दिवस राहिला. मला त्याचं आजही वाईट वाटत नाही.

दादा मात्र हसायचे नाहीत, आणि तेच जास्त अवघड होतं. एका संध्याकाळी जेवताना त्यांनी शांतपणे सांगून टाकलं, "वने, दोन वर्सं झाली. मे मयन्यापरेंत बगतो. त्यातना काय निपाजला तं ठीक, नायतं दुकानाचे गल्ल्यावर बसाचा." मी ताटावरून उठले. खोलीत जाऊन बोटांवर मोजलं, मे महिना चार महिन्यांवर होता आणि माझ्या हातात खरंच काही नव्हतं.

आणि त्याच आठवड्यात बाईंनी टेबलावर एक पातळसं पुस्तक ठेवलं. निळ्या कापडाची बांधणी, आत एका पानावर एकच उभी ओळ. किशिमोतो तोमिए नावाच्या एका म्हाताऱ्या जपानी बाईंचे हायकू. त्यांचा मुलगा आमच्याकडच्या एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून आलेला, आई त्याला भेटायला मे महिन्यात येणार होती, आणि आईला भेट म्हणून त्याला वीस हायकूंची मराठी पुस्तिका हवी होती. डोंबिवलीतल्या एका छोट्या हॉलमध्ये कारखान्यातल्या लोकांसमोर वाचन. "हे वीस आपण सगळे मिळून करू," बाई म्हणाल्या. "पण त्यांच्याकडे आणखी तीनशे आहेत. त्यांचं मोठं पुस्तक करायचं आहे, आणि ते माझ्या वयाला झेपायचं नाही. तुमच्यातला ज्याचा हात चांगला दिसेल, त्याच्याकडे मी ते सोपवणार." मी त्या निळ्या पुस्तकाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, हे माझं. मिळालं तर दादांची बोलती बंद, नाही मिळालं तर सिमेंटची पोती. इतका साधा हिशेब होता.

बाईंची शिकवण्याची पद्धत अशी की पाठीला रग लागायची. प्रत्येक हायकू कोऱ्या कागदावर लिहायचा, आणि वर उजव्या कोपऱ्यात आधी ऋतू. जपानी हायकूत एक शब्द ऋतूचा असतोच, आणि कुठला शब्द कुठल्या ऋतूचा हे तिथं शेकडो वर्षांत ठरत आलेलं आहे, त्याचे जाडजूड कोश आहेत. बाईंकडे तसा एक होता, कव्हर गेलेला. त्यात बेडूक बघावा तर वसंतात! आम्ही सगळे हसलो. आपल्याकडे बेडूक म्हणजे पाऊस, यात कुणाला शंका आहे? "म्हणूनच सांगते," बाई म्हणाल्या, "शब्द उचलून आणलात तर बेडूक येईल, वसंत तिथंच राहील. आणि ऋतू मागे राहिला तर कविताही मागेच राहिली." मग दुसरी गोष्ट, मोजणी. पाच, सात, पाच. पण ती अक्षरांची नव्हे, ठोक्यांची. बाई पेन्सिलीनं टेबलावर ठोकून दाखवायच्या. दीर्घ स्वर आला की दोन ठोके, शब्दातला अर्धा 'न' आला की त्याचा स्वतंत्र एक. शिवाय मध्ये एका ठिकाणी कविता थांबते, तिथं 'या'सारखा एखादा शब्द येतो, त्याला अर्थ असा नसतो, नुसता श्वास रोखलेला असतो. हे सगळं मराठीत तीन ओळींत बसवायचं, खाली टीप द्यायची नाही, समजावून सांगायचं नाही, आणि जागा भरायला 'हो', 'ते', 'गं' घुसडायचे नाहीत.

माझी पहिलीच फजिती कलिंगडानं केली. ओळ अशी होती: "सुइका किरु, ओतो नो मुकोओ नि, उमि नो ओतो." कलिंगड कापल्याचा आवाज, आणि त्याच्या पलीकडे समुद्राचा आवाज. किती सोपं! पण कोशात कलिंगड निघालं शरदात. जपान्यांचा शरद लवकर सुरू होतो, आपल्या श्रावणाच्या सुमाराला, आणि कलिंगडं तेव्हा सरत येतात. आपल्याकडे कलिंगड म्हणजे एप्रिल-मे, रस्त्याच्या कडेला ढीग. मी रात्रभर नाही पण दोन दुपारी नक्की डोकं खाजवलं आणि मग मला युक्ती सुचली. शरदात आपल्याकडे काय येतं? सीताफळ! मी कलिंगड काढलं, सीताफळ घातलं आणि ऐटीत वाचून दाखवलं. बाईंनी चष्मा काढला. "वनिता, तुमच्याकडे सीताफळ सुरीनं कापतात?" टेबलावर असा हशा पिकला की बस. अगं बाई, सीताफळ हातानं फोडतात, त्याला आवाज कुठला! ऋतू वाचवायला गेले आणि कवितेचा प्राणच घालवून बसले. मंदार तर हसून हसून टेबलावर पडला. मंदार म्हणजे नौपाड्याचा, गणितात हुशार, मोजणीत कधी चुकायचा नाही, आणि निळ्या पुस्तकावर त्याचाही डोळा होता.

त्या दिवशी मी रिक्षानं न जाता चालत निघाले, रडू येत होतं म्हणून. आणि चालता चालता सुचलं की फळ बदलायची गरजच नाही. 'शेवटचं कलिंगड' म्हटलं की मराठी माणसाला आपोआप कळतं, मोसम संपला. ऋतूचं नाव वेगळं असेल, पण सरत्या दिवसांची ती हुरहुर तीच. दुसऱ्या दिवशी मी तेवढंच लिहून दिलं. बाईंनी कागदाच्या कोपऱ्यात बरोबरची खूण केली. आज इतकी वर्षं मी हेच काम करते, दिवसा घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात यंत्रांची माहितीपत्रकं आणि रात्री घरी कविता, पण त्या खुणेइतका आनंद मला पुढे कुठल्या पगारवाढीनं दिलेला नाही.

एकोणीस झाले. विसावा राहिला, आणि तो बाईंनी मंदारला आणि मला दोघांनाही दिला. मूळ असं होतं: "एन्देन या, चिचि नो आशिआतो, कावाकियुकु." एन्देन म्हणजे मिठाचं शेत, मग तो थांबणारा श्वास, मग वडिलांच्या पायांचे ठसे, आणि ते वाळत चाललेत. बाईंनी ठोके वाजवले, ए-न्-दे-न्-या, बरोब्बर पाच. कोशात एन्देन उन्हाळ्यात. आता बाईंना प्रश्न पडला की मराठी वाचकाला मिठाच्या शेतातून उन्हाळा कसा कळणार? त्यांनी सुचवलं, ऋतू उघड आणा. मंदारनं पुढच्या तासाला कागद ठेवला:

वैशाखी ऊन
मिठाच्या शेती ठसे
वडिलांचे ते

पाच, सात, पाच. अक्षर इकडचं तिकडे नाही. बाई खूश झाल्या. 'ते' हे नुसतं जागा भरायला आहे असं त्यांनाही दिसलं, पण म्हणाल्या, "निदान ऋतू तरी ठसठशीत आला." माझ्याकडे त्या दिवशी काहीच नव्हतं, पण आत काहीतरी टोचत होतं.

घरी आले तर आजा दारापुढच्या ओट्यावर बसून जाळं सांधत होता. आजाचे पाय म्हणजे भेगाच भेगा, मिठानं खाल्लेले. मी त्याच्या शेजारी बसले आणि सहज विचारलं, "आजा, मिठागर म्हटलं की तुला कुठला महिना आठवतो?" त्यानं मान वर करून माझ्याकडे असं पाहिलं, की ही शिकली का येडी झाली. "मिठागर म्हंजे उनालाच. पावसाल्यान मिठागर कुठं रेतं? पान्याखाली जातं." मग जाळं बाजूला ठेवून तो बोलतच सुटला. दिवाळीनंतर बांध दुरुस्त करायचे, कोंड्यांचा, म्हणजे मीठ पिकवायच्या वाफ्यांचा, तळ तुडवून तुडवून घट्ट करायचा, भरतीचं पाणी आत घ्यायचं, संक्रांतीनंतर मीठ धरायला लागायचं आणि होळीनंतर खरा जोर. पाऊस यायच्या आत राशी करून वर गवत शाकारायचं, की संपलं. मी विचारलं, "आणि पायाचे ठसे?" तो हसला. "कोंडीतना भायेर आयलो का बांधावर पाय उठाचं. वल्लं. माजा बाप म्होरं चालाचा, मी त्याचे मागं. मागं वलंपरेंत तं सुकाचं."

जपानमधली ती बाई आणि माझा आजा, दोघांनी एकच गोष्ट पाहिलेली. बापाच्या मागून चालताना, वळायच्या आत सुकलेलं त्याचं पाऊल. आणि मला एकदम उमगलं की मंदारच्या कवितेत काय नाही. वाळणंच नाही! वैशाखी ऊन आत घेताना वाळणं बाहेर पडलं. ठसे आहेत, पण ते जात नाहीयेत, आणि जात नसतील तर त्या बाईंनी ते लिहिलेच कशाला असते?

मी तिथंच ओट्यावर बसून लिहिलं. 'मिठाचे शेत' खोडलं, कारण आपल्याकडे त्याला मिठागर म्हणतात, शेत कोण म्हणतं? 'वडील' खोडले. चिचि हा शब्द जपानी माणूस स्वतःच्या बापाबद्दल परक्यापाशी बोलताना वापरतो, त्यात आदराचा मुलामा नसतो. दुसऱ्याच्या वडिलांना वेगळा शब्द आहे. मग आजा म्हणाला तसं, बाप. आणि झालं:

मिठागर –
बापाचे पायठसे
सुकत चालले

मोजलं. चार, सात, सहा. पण पहिल्या ओळीनंतरचा तो थांबलेला श्वास धरला, तर तिथं पाच. शेवटी एक जास्तीचं उरलं, ते मी राहू दिलं.

बाईंनी तो कागद वाचला, पुन्हा वाचला, आणि खाली ठेवला. "सुंदर आहे. पण ऋतू कुठे आहे, वनिता?"

"मिठागर हाच ऋतू आहे, बाई. पावसात मिठागर नसतंच."

"ते तुला माहीत. वाचकाला?"

"आणि तुम्हीच सांगता ना, एका हायकूत दोन ऋतुशब्द आले की दोष? मिठागर उन्हाळा, वैशाख पण उन्हाळा. मग मंदारच्यात दोन झाले की!" माझा आवाज चढलेला. मंदार म्हणाला, "अरे यार, मला कुठून माहीत असणार मिठागराचं?" आणि त्यात त्याची काही चूकही नव्हती.

बाईंनी माझा कागद पुन्हा उचलला. त्या चाळीस वर्षं ठाण्यात राहिलेल्या, मिठागरांवरून हजार वेळा गेलेल्या, आणि ती कधी पांढरी असतात नि कधी पाण्याखाली हे त्यांनी लक्षात घेतलेलं नव्हतं. ते त्यांना लागलं असावं. पण बाई न्यायाच्या पक्क्या. "मला खात्री नाही. तेव्हा विसावं पान कोरं छापते. दोघंही हॉलमध्ये वाचा. किशिमोतोबाई जो म्हणतील तो आत जाईल, आणि त्याच्याकडेच तीनशेचं काम जाईल."

कार्यक्रमाला मी आयला घेऊन जाणार होते. पण रविवारी सकाळी बघते तर दादा इस्त्रीचा शर्ट घालून तयार, आजा टोपी घालून तयार, दोन चुलत भाऊ पण. "मे मयना हाय," दादा एवढंच म्हणाले. डोंबिवलीच्या त्या हॉलमध्ये पंखे घरघरत होते, मागच्या रांगांत कारखान्यातले कामगार, बरेचसे आमच्यासारखेच खाडीकाठच्या गावांतले, बायका-मुलांसह. पुढे किशिमोतोबाई. इतकीशी बाई! पांढरे केस, गुडघ्यावर हात ठेवून ताठ बसलेली, जणू परीक्षा तिचीच आहे.

एकोणीस वाचून झाले. कलिंगडाला टाळ्या पडल्या. मग मंदारनं त्याचा वाचला, खणखणीत आवाजात, आणि पुन्हा टाळ्या. बाईंनी मला खूण केली. हायकू दोनदा वाचायचा, ही जपानी रीत. पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. दुसऱ्यांदा मी आजाकडे बघून वाचलं. आणि टाळ्या नाहीत! एकही नाही. पंखे तेवढे घरघरतायत. मला वाटलं, संपलं, उद्यापासून गल्ला.

पेठेबाईंनी माझ्या ओळींचा अर्थ जपानीत सांगितला, तशी किशिमोतोबाईंनी काहीतरी विचारलं. पेठेबाईंनी सांगितलं, "त्या विचारतात, तुझ्या कवितेतला ऋतू कुठला?" मी तोंड उघडलं, पण बाईंनी हात वर करून मला थांबवलं. तो हात मी जन्मभर विसरणार नाही. त्या माझ्याकडे नाही, हॉलकडे वळल्या आणि त्यांच्या त्या स्वच्छ पुणेरी मराठीत म्हणाल्या, "मंडळी, विचार न करता सांगा. मिठागर म्हटलं की कुठला काळ आठवतो?"

"उनाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "होळीनंतरचा!" दुसरा. "चैत!" "पाय पोलतात तवा!" आणि मग एकच गलका उठला. माणसं उठून उठून सांगायला लागली, कुणाचा बाप कुठल्या मिठागरावर होता, कुणाच्या आयनं डोक्यावरून मीठ वाहिलेलं. तेव्हा कळलं की टाळ्या का पडल्या नव्हत्या. माणसं मनानं बांधावर गेलेली, टाळ्या कोण वाजवणार! एक म्हातारी तर डोळे पुसत होती. पेठेबाई एकेक वाक्य जपानीत सांगत होत्या.

किशिमोतोबाईंनी मग मंदारच्या कवितेचा शब्दशः अर्थ विचारला. बाईंनी सांगितला. त्या हसल्या आणि दोन बोटं वर केली. दोन उन्हाळे. मग हळूच म्हणाल्या, "कावाकियुकु?" वाळणं कुठे गेलं? मंदारनं कान पकडले, आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "मान गये, वनिता. भारी केलंस." ते त्यानं मनापासून म्हटलं, म्हणून आजही तो माझा मित्र आहे.

मग त्या उठल्या आणि माझ्याजवळ आल्या. त्यांनी सांगितलं की त्यांच्या गावी मीठ वाळूवर करायचे, समुद्राचं पाणी वाळूवर शिंपडून ती उन्हात वाळवायचे, आणि त्या वाळूवर बापाचे पाय उठायचे. पाण्याचं मिठागर त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. "तुमच्याकडे वाळू नाही, तरी तो तोच बाप आहे," त्या म्हणाल्या. बाईंनी हे मराठीत सांगितलं तेव्हा मी भर हॉलमध्ये रडले, नाक ओढत, अगदी वेड्यासारखी. आणि मग त्यांनी पेठेबाईंना जे सांगितलं, ते बाईंनी मुद्दाम मोठ्यानं, सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं भाषांतरित केलं: "उरलेले तीनशे हिनंच करायचे."

आता टाळ्या पडल्या. भावांनी शिट्ट्या मारल्या. मी मागच्या रांगेकडे पाहिलं. दादा उभे होते. दोन वर्षं ज्यांनी माझ्या एका अक्षराकडे वाकून पाहिलं नव्हतं, ते टाळ्यांवरून आवाज चढवून, दुकानात ऑर्डर घेतात त्याच सुरात, थेट पेठेबाईंना विचारत होते, "म्याडम, तीनशे कवापरेंत पायजेत?"

बाई गोंधळल्या. किशिमोतोबाईंना काय झालं ते कळेना. मी डोळे पुसले आणि तिथून, स्टेजवरूनच, ओरडून सांगितलं, "दादा, दोन वर्षं लागतील!"

"मंग लागू दे," दादा म्हणाले, आणि खाली बसले.